स्वतःचे केस स्वतः कापलेत का कधी? या, सांगा

माळ्यावरची_मी: काल माळा आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, आत २०२० ची कात्री नि काळा कंगवा. हसूच आलं. माझा बॉयकट, तीन महिने सलून बंद, २८ जूनला उघडली पण मी आठवडाभर आधीच धीर सोडला. कानावर कंगवा आडवा धरला, दातांतून बाहेर आलेले केस कचकन एकदाच कापले. कंगवा काढला तर कानावर चक्क जिन्याची पायरी!! सासूबाई म्हणाल्या, "अगं, उंदरानं कुरतडलं की काय?" तुमचंही येऊ द्या.

कोथिंबीर_वडी: 😂😂 आमच्याकडे ह्यांचे मी कापले होते, वाटी उपडी ठेवल्यासारखे. कुकर लावलाय, नंतर येते

मिरजकर: वडिलांचं दुकान होतं, शाळेतून आलो की तिथंच. ताई, पायरी पडली कारण तुमचा कंगवा थांबला. तो थांबवायचाच नाही. दात वर करून कल्ल्याच्या खालून घालायचा, कातडीला टेकवून, आणि सावकाश वर न्यायचा. कात्री कंगव्याला समांतर, खालचं पातं कंगव्याबरोबर सरकतं पण उघडमीट करत नाही, फक्त अंगठ्याचं पातं हलतं. एका फेरीत चार-पाच वेळा कचकच व्हायला पाहिजे, एकदा नाही. डोकं वरती आत वळतं, कंगव्यानं मात्र वळायचं नाही, सरळ वर निघून जायचं, म्हणजे वरचे केस आपोआप लांब राहतात. वडील मला आधी नुसती कात्री हातात देऊन अंगठा हलवायला लावायचे, बाकी चारही बोटं गप्प. आठवडाभर तेच.

पुणे_३०: केस ओलेच ठेवायचे, हे मुख्य. ओले केस सरळ बसतात, चूक होत नाही.

मिरजकर: चूक होत नाही असं नाही हो, दिसत नाही. ओला केस ताणून लांब होतो, वाळला की आखडतो. कुरळा असेल तर बोटभर वर जातो. घरी स्वतःचे कापताना कोरडेच बरे.

पुणे_३०: आमच्या गल्लीतला न्हावी स्प्रे मारतोच की!

मिरजकर: त्याचा हात बसलाय

निळी_छत्री: माझे केस कंगव्यात फार येतायत हल्ली, कोणाला कांद्याच्या रसाचा अनुभव?

कोथिंबीर_वडी: अगं, तो दुसरा धागा 😄 पण वास जात नाही एवढं सांगते

माळ्यावरची_मी: @मिरजकर मग ती पायरी सुधारता आली असती का? मी दोन्ही बाजूंनी सारखी करत बसले, शेवटी कानावर काहीच उरलं नाही.

मिरजकर: सगळ्यांचं तिथंच बिघडतं. पायरीच्या वरचं कापायचं नाही. कंगवा पायरीच्या खालून आणायचा, असा की दातांतून फक्त ती ठळक कड डोकावेल, तेवढीच उडवायची. थोडी रेघ राहिली तर टोकं कापा. म्हणजे बट दोन बोटांत धरायची आणि कात्री आडवी न घालता टोकाकडून केसांच्या दिशेनं आत घालायची, चार-पाच मिलिमीटर, दातेरी कापल्यासारखं. कात्री जितकी उभी तितकं कमी निघतं. आडवी होत गेली की परत रेघ. एका बटेला तीन-चारदाच, मग झटकून बघायचं. मोह आवरायचा.

डावखुरी_अमरावती: हे सगळं उजव्यांचं झालं!! मी डाव्या हाताने साधी कात्री धरते तर अंगठा पाती एकमेकांपासून लांब ढकलतो, केस कापले न जाता मधेच दुमडतात. दोन वर्षं मला वाटायचं कात्री बोथट आहे, धार लावून आणली दोनदा. मग डावखुऱ्यांची कात्री घेतली, पहिल्याच दिवशी कळलं.

पुणे_३०: कागदाची कात्री चालते ना? मी तीच वापरतो.

डावखुरी_अमरावती: केस चिरडतात हो तिनं, टोकं फाटतात. आणि त्याच कात्रीनं दुधाची पिशवीपण कापत असाल 🙈

पुणे_३०: ... हो

रात्रपाळी_नाशिक: मागचं कसं करता कोणी? दोन आरसे लावले तरी हात उलटाच जातो, डावीकडे न्यायचा तर उजवीकडे. मानेवर रेघ तिरकी गेली, ऑफिसात आठवडाभर कॉलर वर.

मिरजकर: मागचं दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा. मी स्वतः नाही करत.

माळ्यावरची_मी: मी करते हो, आरसा न बघता बोटांनी चाचपून. भोवऱ्यापाशी मात्र सोडून देते, तिथले आखूड झाले की उभेच राहतात.

मिरजकर: भोवऱ्याचं बरोबर. चाचपून कापायचं म्हणजे... मला नाही पटलं, कान सांभाळा.

कोथिंबीर_वडी: आले. कुकरची शिट्टीच झाली नाही, रिंग लावायची राहिली होती. काय काय झालं?