मदत हवी आहे: ६ टक्के महागाईत खर्च दुप्पट व्हायला १७ वर्षं की १२?

मेघना_स
आमच्या निवृत्तीला २४ वर्षं आहेत. आज घरखर्च महिन्याला ४०,००० होतो. तेव्हा तो किती असेल याचा अंदाज काढतेय. महागाई ६ टक्के धरली. वर्षाला २,४०० वाढ, २४ वर्षांत ५७,६००, म्हणजे खर्च ९७,६००. या हिशेबाने दुप्पट व्हायला जवळपास १७ वर्षं लागतात. पण दिरांनी सांगितलं की ७० ला दराने भागायचं. ते केलं तर १२ वर्षांच्या आतच दुप्पट होतात आणि २४ वर्षांत चौपट, म्हणजे १,६०,०००! एवढा फरक? आणि १०० ऐवजी ७० का?

अनिरुद्ध_के
७० नाही, ७२ घ्या. पोस्टातलं किसान विकास पत्र ७.५ टक्क्यांनी ११५ महिन्यांत दुप्पट होतं. ७२ ला ७.५ ने भागलं की ९.६ वर्षं, बरोबर ११५ महिने. ७० ने भागलं तर ११२ च येतात. म्हणजे ७० चूक.

चक्रपाणि
मेघनाताई, तुमच्या दिरांचं बरोबर आहे. तुम्ही दर वर्षीची वाढ आजच्या ४०,००० वर काढलीत. भाव तसे वाढत नाहीत. आज १०० रुपयांची वस्तू वर्षाने १०६ ची होते, पण पुढच्या वर्षीचे ६ टक्के त्या १०६ वर लागतात, म्हणून ती ११२ रुपये ३६ पैशांना मिळते. सुरुवातीला फरक पैशांचा असतो. अकराव्या वर्षाअखेर तीच वस्तू सुमारे १९० ची झालेली असते, त्यामुळे बाराव्या वर्षी एकट्या ६ टक्क्यांनी ११ रुपयांहून जास्त वाढ होते आणि भाव २०१ वर जातो. पहिल्या वर्षी वाढ ६ रुपये होती, हे लक्षात घ्या. १०० ला ६ ने भागलं की सरळव्याजाचं उत्तर येतं. चक्रवाढीत त्याआधीच दुप्पट होतं.

आता ७० की ७२. दर अगदी लहान असेल तर खरा आकडा ६९.३ असतो (२ चा नैसर्गिक लॉगॅरिथम ०.६९३, त्यातून आलेला). दर एक टक्क्याने वाढला की तो साधारण एक-तृतीयांशाने वर सरकतो. २ टक्क्यांना ७०, ६ ला ७१.४, ८ ला ७२. अनिरुद्ध, तुमचं उदाहरण ७.५ टक्क्यांचं आहे, म्हणून तिथे ७२ बसतं. २ टक्क्यांना तेच वापरलंत तर एक वर्ष जास्त येईल. आणि २० टक्क्यांना दोन्ही कमी पडतात: ७० ने साडेतीन वर्षं येतात, खरी ३.८. सहाला ७० ने ११.७ वर्षं, खरी ११.९. तोंडी हिशेबाला हा फरक चालतो.

अनिरुद्ध_के
हे पटलं. पण महागाई दर वर्षी सारखी कुठे असते?

चक्रपाणि
नसते, पण सरासरी धरली तरी फार बिघडत नाही. एका वर्षी १० आणि दुसऱ्या वर्षी २ टक्के झाली तर १०० चे ११२.२० होतात. दोन्ही वर्षं ६ धरली तर ११२.३६. आपला ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ साली १०० धरला होता आणि २०२४ च्या अखेरीस तो १९५ च्या आसपास होता. मधल्या काळात कधी १० टक्क्यांजवळ, कधी ४ च्या खाली, असा दर फिरला. तरी जवळजवळ दुप्पट व्हायला साडेबारा वर्षं लागली. ७० ला साडेबाराने भागा, साडेपाचच्या जरा वर दर येतो.

राधिका_ठाणे
आमचं वेगळंच आहे. मुलाच्या शाळेची फी ७ वर्षांत ४५ हजारांवरून ९० हजार झाली. हा नियम उलटा लावता येतो का?

चक्रपाणि
येतो. ७० भागिले ७, म्हणजे वर्षाला साधारण १० टक्के. काटेकोर १०.४.

मेघना_स
मग मी ६ धरणंच चूक आहे का? आमच्या खर्चात फी नाही, पण सासूबाईंची औषधं आहेत आणि ती फार वेगाने महागतायत.

चक्रपाणि
२४ वर्षांवर दराचा एक टक्का फार बोलतो. ५ धरलात तर ४०,००० चे सुमारे १,२९,००० होतात, ७ धरलात तर २,०३,०००. मी तरी औषधांचा खर्च वेगळा काढून त्याला जास्त दर लावेन आणि बाकीच्याला ६.

अनिरुद्ध_के
मला हे पटत नाही. औषधांचा दर २४ वर्षं तसाच चढा राहील हे कशावरून?

मेघना_स
तीन-चार वर्षांची औषधांची बिलं आहेत घरात. त्यातून आमचा दर काढून इथे टाकते, मग बोलू.