मदत हवी आहे: गैरहजर मुलांना शीट 'अ' श्रेणी देते, उत्तीर्णांची टक्केवारी जुळत नाही

वाळपईची_बाई
नमस्कार. सत्तरीतल्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. सत्र अहवालासाठी गणिताच्या कार्यपत्रिकेचे गुण एक्सेलमध्ये भरलेत. पट ३०, गुण २० पैकी, आमच्याकडे उत्तीर्ण व्हायला ७. कार्यपत्रिका चवथीच्या सुट्टीच्या तोंडावर झाली. चार मुलं आधीच गावाला गेली होती, त्यांच्यापुढे AB लिहिलंय.

शीट शाळेत आधीपासून चालत आलेली आहे. D मध्ये निकाल, E मध्ये श्रेणी:

```
=IF(C2>=7,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण")
=IF(C2>=16,"अ",IF(C2>=12,"ब",IF(C2>=7,"क","ड")))
```

शीट म्हणते २५ उत्तीर्ण, म्हणजे ८३.३३ टक्के. पेपरांचा गठ्ठा हाताने मोजला तर २१ च होतात. 'अ' श्रेणीत शीट १० मुलं दाखवते, मला ६ सापडतात. सरासरी १२ येते, ती मात्र बरोबर वाटते. अहवाल सोमवारी द्यायचा आहे. चुकीची श्रेणी पालकांच्या हाती जायला नको.

मडगावचा_मास्तर
बाई, तुम्ही गुण 7/10 असे लिहिलेत का? माझ्याकडे तसंच झालं होतं. एक्सेलने त्याची तारीख केली, 7-Oct. आत ४५ हजारांच्या पुढचा आकडा बसतो आणि सरासरी आभाळाला भिडते.

वाळपईची_बाई
नाही सर, फक्त मिळालेले गुण लिहिलेत. सरासरी ठीकच आहे.

डिचोलीकर
AB काढून टाका, सेल रिकामा ठेवा. सगळं सुटेल.

हिशेबनीस
डिचोलीकर, रोख बरोबर आहे, पण सगळं सुटत नाही.

बाई, कारण असं: `>=` लावल्यावर एक्सेल कुठल्याही मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरतं. म्हणून `"AB">=7` खरं ठरतं आणि मूल उत्तीर्ण. श्रेणीच्या सूत्रात पहिलीच अट १६ ची, तीही खरी, म्हणून थेट 'अ'. तुमची जादा चार मुलं ती हीच. गूगल शीट्समध्येही असंच होतं. AVERAGE मात्र मजकूर सोडून देतं. त्यामुळे सरासरी १२ अशी पटण्यासारखी आली आणि गफलत झाकली गेली.

सेल रिकामा ठेवलात तर सरासरी तीच राहील, पण तुलनेत रिकामा सेल शून्य धरला जातो. मग तीच चार मुलं 'अनुत्तीर्ण' आणि 'ड' होतील. शिवाय मूल आलं नव्हतं की गुण भरायचे राहिले, हे महिन्याभराने कुणालाच कळणार नाही. AB राहू द्या, आधी आकडा आहे का ते विचारा:

```
=IF(ISNUMBER(C2),IF(C2>=7,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण"),"गैरहजर")
```

श्रेणीचं सूत्रही असंच ISNUMBER मध्ये गुंडाळा. टक्केवारी थेट गुणांवरून काढा:

```
=COUNTIF(C2:C31,">=7")/COUNT(C2:C31)
```

COUNTIF इथे फक्त आकडेच मोजतं, AB ला धरत नाही. आणि एका सेलमध्ये `=COUNT(C2:C31)` वेगळं लिहून ठेवा. ते २६ यायला हवं. २५ आलं तर एखादा आकडा मजकूर म्हणून बसलाय. असा सेल बहुधा डावीकडे चिकटलेला दिसतो.

वाळपईची_बाई
केलं. २१ उत्तीर्ण, 'अ' मध्ये ५, चौघांपुढे 'गैरहजर'. टक्केवारी ८०.७७. पण COUNT २५ येत होतं! एका मुलाचे 14 खरंच डावीकडे होते, आकड्याच्या आधी ' हे चिन्ह पडलं होतं. पुन्हा टाइप केले. त्याचे १४ धरून बेरीज ३१४ झाली, सरासरी १२.०८. खूप आभार.

हिशेबनीस
आणि त्या मुलाला 'ब' ऐवजी आधी 'अ' लागला असणार. म्हणजे तुमची हाताची यादी आणि शीट पुन्हा एकदा श्रेणीनिहाय ताडून बघा.

वाळपईची_बाई
ताडली. 'अ' मध्ये आधी खरे ५ आणि हे एक होतं, शिवाय चार AB. सहावी मुलगी मी हाताने मोजताना धरली होती, तिचे गुण शीटमध्ये १५ पडलेत, पेपरावर १६ आहेत. दुरुस्त केले. आता बेरीज ३१५, सरासरी १२.१२.

आता प्रश्न मुख्याध्यापकांचा. ते म्हणतात टक्केवारी पटावर काढा, २१ भागिले ३०, म्हणजे ७०.

डिचोलीकर
आमच्याकडेही पटावरच मागतात.

हिशेबनीस
हे सूत्राने ठरत नाही. ७० म्हणजे न आलेल्या मुलांना नापासांत धरणं, ते मला पटत नाही. पण गेल्या सत्रात पटावर दिली असेल तर यंदा ८०.७७ दिल्यावर वर्ग सुधारल्यासारखा दिसेल, तेही खरं नाही. दोन्ही आकडे द्या आणि 'पट ३०, हजर २६' त्याच ओळीत लिहा.

मडगावचा_मास्तर
त्या चौघांची कार्यपत्रिका पुन्हा घेता येणार नाही का?

वाळपईची_बाई
दोघांची शुक्रवारी घेते. उरलेली दोघं अजून गावाहून आली नाहीत. नमुन्यात टक्केवारीचा रकाना एकच आहे, म्हणून भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून इथे कळवते.