मदत हवी आहे: शुल्क आम्ही भरलं, आयातदार पैसे देत नाही. मागणीपत्र सुधारून द्या

चलान_बहाद्दर
आमची छोटी क्लिअरिंग एजन्सी आहे. एका आयातदाराचा कंटेनर सोडवताना त्याच्याकडून फक्त 1,00,000 आगाऊ आले होते. माल अडकू नये म्हणून बाकीचं आम्ही भरलं. त्याला फोनवर विचारलं, तो म्हणाला "भरा, देतो". नंतर मी आकडा व्हॉट्सॲपवर टाकला, त्यावर "ओके" आलं. माल मिळून बावीस दिवस झाले तरी पैसे नाहीत. आमचं पत्र असं होतं:

"महोदय, आपल्या वतीने भरलेले कस्टम ड्युटी व इतर खर्च रु. 4,40,650 त्वरित अदा करावेत, अन्यथा कारवाई करण्यात येईल."

उत्तर आलं, "तपशील पाठवा, आकडा जुळत नाही." भाषा अजून कडक करू का?

वखारीतला
कडक कशाला, त्याचा माल दाबून ठेवायचा. आपले पैसे अडकले की मालावर आपला हक्क असतो.

चलान_बहाद्दर
माल त्याच्या गोदामात पोचलाय हो.

वखारीतला
मग पुढचा कंटेनर अडवा.

खातेवही
वखारीतला, हक्क असतो हे खरं, पण माल ताब्यात असेपर्यंतच. पुढचा कंटेनर जुन्या बाकीसाठी अडवायचा तर तसं करारात लिहिलेलं लागतं. नाहीतर त्या कंटेनरचं डिटेन्शन उलट तुमच्या अंगावर येईल.

मी आयातदाराच्या बाजूने हिशेब बघते, असली पत्रं माझ्याच टेबलावर येतात. अडचण भाषेत नाही, त्या "व इतर खर्च" मध्ये आहे. मूळ शुल्क आम्ही मालाच्या किमतीत धरतो, आयातीवरचा कर वजावटीच्या खात्यात जातो आणि तुमची फी हा सेवेचा खर्च. एकच आकडा आला की यातली एकही नोंद होत नाही. कागद बाजूला पडतो, आणि त्यात वाईट हेतू असेलच असं नाही.

शिवाय तुम्ही एकूण आकडा मागितलात. आलेले 1,00,000 वजा कुठे केलेत?

चलान_बहाद्दर
अरे देवा, नाही केले! फाइल बघून तपशील देतो. मूळ शुल्क 1,42,200, आयातीवरचा कर 2,44,250, टर्मिनलचे 21,300, शिपिंग लाइनचे डिलिव्हरी ऑर्डरचे 14,800, दोन दिवसांचं डिटेन्शन 9,600, आमची फी 8,500.

सागरलाट
माझंही असंच झालं. एजंटने पावतीच दिली नाही, वर्षभर मागतोय. तुम्ही पैसे देऊच नका त्यांना!

चलान_बहाद्दर
अहो, मीच एजंट आहे :)

खातेवही
सागरलाट यांचा मुद्दा उलट बाजूने कामाचा आहे. शुल्काची पावती आणि बिल ऑफ एंट्री आयातदाराच्या नावाने आहे ना? तीच जोडा, त्याशिवाय त्याला कराची वजावट घेता येत नाही. जे त्याच्या नावावर भरलंत ते पावतीइतकंच मागा, एक पैसा वर नको. फीचं बिल वेगळं करा, तुमचा जीएसटी त्यावर. सगळं एका बिलात घालून सगळ्यावर कर लावला की शुल्कावर पुन्हा कर चढतो.

आकडा न जुळण्याचं नेहमीचं कारण विनिमय दर. तो बँकेच्या दराने मोजत असणार, कस्टम स्वतः जाहीर केलेला दर लावतं. बिल ऑफ एंट्रीवर तो असतो, पत्रात त्याकडे बोट दाखवा.

आणि डिटेन्शन कुणामुळे लागलं?

चलान_बहाद्दर
एक दिवस त्यांनी रिकामा कंटेनर उशिरा सोडला म्हणून. दुसरा... आमच्याकडून कागद उशिरा दाखल झाला.

खातेवही
मग तो दिवस आत्ता बाहेर ठेवा. 4,800 च्या वादापायी सव्वातीन लाखांवर अडकतील.

चलान_बहाद्दर
आता बघा:

"स.न.वि.वि.
आपण फोनवर दिलेल्या व व्हॉट्सॲपवर कळवलेल्या संमतीनुसार आपल्या नावे भरलेल्या रकमा: आयात शुल्क 1,42,200, आयातीवरील कर 2,44,250, टर्मिनल 21,300, डिलिव्हरी ऑर्डर 14,800, कंटेनर डिटेन्शन, एक दिवस, 4,800. एकूण 4,27,350. आपली आगाऊ रक्कम 1,00,000 वजा जाता 3,27,350 येणे. आमच्या फीचे 8,500 चे बिल सोबत स्वतंत्र जोडले आहे. शुल्क बिल ऑफ एंट्रीवरील विनिमय दराने आकारले आहे. सर्व पावत्या जोडल्या आहेत. येत्या 15 तारखेपर्यंत रक्कम पाठवावी. एखादी बाब मान्य नसल्यास ती कळवून उर्वरित रक्कम द्यावी. डिटेन्शनच्या दुसऱ्या दिवसाबद्दल वेगळे बोलू.
कळावे."

खातेवही
छान. "वेगळे बोलू" मात्र काढा. चूक तुमची असेल तर ते 4,800 सोडूनच द्या, मागायला गेलात तर बाकीच्या आकड्यांवरही शंका येईल.

वखारीतला
सोडायचे कशाला? अर्धे अर्धे करा.

चलान_बहाद्दर
भागीदाराशी बोलतो. तो सोडायला तयार होईल असं वाटत नाही.