मित्राचा वाढदिवस, जुना मजेशीर फोटो आणि त्याखालची ओळ : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ता
माझ्या जिवलग मित्राचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे. सातवीत असताना आम्ही बसवलेल्या नाटकातला त्याचा एक फोटो मला सापडला. त्यात तो झाड झाला आहे : अंगाभोवती तपकिरी कागद, डोक्यावर पुठ्ठ्याची पाने, एक फांदी निसटून कानावर लोंबते आहे आणि चेहरा मात्र कमालीचा गंभीर. मी त्याखाली लिहिले, 'झाड तेव्हाही हलत नव्हते, आजही हलत नाही.' पत्नीने ते वाचून एवढेच विचारले, "भावजींची नोकरी नुकतीच गेली ना?" तेव्हापासून ती ओळ टाकायला माझा हात धजावत नाही. असा प्रसंग तुमच्यावर आला असेल, तर तुम्ही काय केलेत ते कृपया लिहावे.

बिनधास्त
जवळच्या मित्राच्या बाबतीत एवढा विचार कशाला करायचा? मी दर वर्षी न विचारता असा फोटो टाकतो. खाली त्याचे हसणारे चिन्ह आले, की त्याला आवडले असे समजावे. आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

चष्मेवाली
तसे हसणारे चिन्ह मीही टाकले होते. दातांना तारा आणि जाड भिंगांचा चष्मा असलेला माझा फोटो मैत्रिणीने 'ओळखा पाहू, किती बदलली आहे!' असे लिहून टाकला. तिला कौतुकच करायचे होते, पण त्या कौतुकाचा अर्थ 'तेव्हा ही कशी दिसायची' असाच निघत होता. शिवाय तिने मला टॅग केल्यामुळे फोटो माझ्या कार्यालयातल्या लोकांपर्यंत पोचला. खरी बोचणी तिच्या ओळीने नव्हे, तर खाली जमलेल्या प्रतिक्रियांनी लागली, कारण तिने दार उघडून दिल्यावर आत कोण काय बोलेल, हे तिच्या हातात राहिले नव्हते. गंमत म्हणजे त्याच फोटोत मी उलटा स्वेटर घातला होता. तिने त्यावर लिहिले असते, तर मी मनापासून हसले असते.

जुना अल्बम
माझीही अडचण फोटोचीच आहे. अल्बममधल्या फोटोचा मोबाइलने फोटो काढला, की त्यावर चकाकी येते. काय करावे?

ओळीखालचा
प्रश्न वेगळा आहे, तरी सांगतो. फोटो सहज निघत असेल, तर प्लॅस्टिकमधून बाहेर काढावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्यावा. चिकटला असेल, तर मात्र ओढू नये.

आता मूळ मुद्दा. मी बरीच वर्षे छायाचित्रांखालच्या ओळी लिहिण्याचे काम केले आहे. आपल्या ओळीत मला झाड खटकत नाही, 'आजही' खटकते. थट्टा फोटोतल्या दिवसापुरती राहिली, तर ती त्या मुलाची होते आणि आज तो मित्रही त्या मुलाला आपल्याबरोबर हसू शकतो. 'आजही' म्हटले, की ती आजच्या माणसावर येते. तो शब्द ठेवायचाच असेल, तर त्याच्यापुढे गुण यायला हवा. उदाहरणार्थ : 'फांदी कानावर आली, तरी पडदा पडेपर्यंत हा जागचा हलला नाही. मी अडचणीत असलो, की आजही असाच शेजारी उभा राहतो.'

आणखी एक गोष्ट. इन्स्टाग्रामवर लांब ओळीचा सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो आणि पुढचा दुमडला जातो. त्यामुळे टोमणा वर आणि माया खाली अशी रचना केली, तर बहुतेकांना फक्त टोमणाच दिसेल.

चष्मेवाली
ओळ सुंदर आहे, पण त्याला आधी विचारणार की नाही?

बिनधास्त
विचारले, की आश्चर्य संपले!

ओळीखालचा
मी मित्राला तीन जुने फोटो पाठवून 'यातला कोणता तुला सर्वांत आवडतो?' एवढेच विचारतो. ओळ गुप्तच राहते. त्याने एखाद्या फोटोबद्दल काहीच लिहिले नाही, तर तो मी बाजूला ठेवतो. अर्थात, वाढदिवसाच्या तोंडावर तीन फोटो आले, की चाणाक्ष मित्राला सुगावा लागतोच, आणि त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. तीन फोटो पाठवले, तर त्याने स्वतःच झाडाचा निवडला आणि विचारले, "दुसरे झाड कुठे आहे?" दुसरे झाड मी होतो, फोटोच्या चौकटीबाहेर राहिलो. 'शेजारी उभा राहतो' हे खरे असले, तरी नोकरीच्या काळजीत असलेल्या माणसाला ते सर्वांसमोर जड वाटेल असे पत्नीला वाटते, म्हणून ते मी त्याला फोनवर सांगेन. फोटोखाली आता एवढेच आहे : 'रंगमंचावर दोन झाडे होती. हे शेवटपर्यंत उभे राहिले. दुसरे, म्हणजे मी, ऐन गंभीर प्रसंगात शिंकलो.'