एक वीजबिल, दोन बिऱ्हाडं: तुमच्याकडे वाटणी कशी होते?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या वाड्यात खाली आम्ही चौघं, वर नोकरी करणारी एक मुलगी. बिल दोन महिन्यांचं, मालकांच्या नावावर, दोघींना सबमीटर. यंदा मेन मीटरवर ४०० युनिट, माझे २२६, तिचे १४२. मधले ३२ कुठे गेले, यावरून आमच्यात अबोला आहे. तुमचे अनुभव सांगा.

रावपुरा, वायरमन: आधी दोघींचे एमसीबी पाडा. मग मेन मीटरचा लाल दिवा बघा. लुकलुकला नाही तर वीज कुठे झिरपत नाही. मग फक्त पाण्याची मोटर लावून मिनिटभर लुकलुक मोजा. पुष्कळ मीटरांवर ३२०० लुकलुकांना एक युनिट असं छापलेलं असतं, तुमच्यावर काय आहे ते वाचा. आणि सबमीटरचं रीडिंग मेन मीटरवाला येतो त्याच दिवशी घ्यायचं. चार दिवसांनी घेतलं की फरक येणारच.

इंदूर, रामबाग: एवढं कशाला? ज्याचे जेवढे युनिट, त्यावर स्लॅबप्रमाणे वेगवेगळं बिल काढा. आम्ही तसंच करतो.

वायरमन: मग दोघांची बेरीज छापील बिलाएवढी येत नाही, कमी पडते. एकत्र वापर वरच्या स्लॅबात जातो ना. मात्र कमी वापरणाऱ्याला सरासरी दर महाग पडतो, ही तक्रार खरी आहे.

ग्वाल्हेर: मला वेगळं कनेक्शन हवंय, मालक सही देत नाहीत. कुणी घेतलंय का?

धागाकर्ती: दादा, मोजलं! एमसीबी पाडल्यावर दिवा गप्प. मोटर लावली, मिनिटात २७ लुकलुक. आमच्याही मीटरवर ३२०० आहे, म्हणजे तासाला अर्धा युनिट. रोज तासभर मोटर, साठ दिवसांत ३० युनिट. उरलेले दोन जिन्यातल्या दिव्याचे असावेत. मी वर जाऊन तिला मीटर दाखवला, दोघी हसलो.

मग हिशेब केला. बिल २,९७० रुपये, त्यात फिक्स चार्ज ९०, तो निम्मा-निम्मा. उरलेले २,८८० भागिले ४००, म्हणजे युनिटला ७ रुपये २० पैसे. इंधन आकार आणि वीज शुल्क त्यातच आलं. प्रत्येकीच्या युनिटांत मोटर-दिव्याचे १६ मिळवले. माझे २४२, म्हणजे १,७८७.४०. तिचे १५८, म्हणजे १,१८२.६०.

मालकांना पाठवलं: "काका, नमस्कार. मेन मीटर ४००, खालचे २२६, वरचे १४२. ३२ मोटर आणि जिन्याचे, दोघींत निम्मे. खालून १,७८७.४०, वरून १,१८२.६०, एकूण २,९७०. तिन्ही मीटरांचे एकाच दिवशीचे फोटो जोडलेत. पुढच्या वेळी रीडिंगवाला आला की आम्हाला हाक मारा."

वाडी, वडोदरा: ताई, पाणी तुम्ही चौघं वापरता, ती एकटी. मग मोटरचे १६ तिच्या माथी का?

धागाकर्ती: हे मला सुचलंच नव्हतं. माणशी धरलं तर तिच्याकडे सहाच येतात. आज संध्याकाळी तिच्याशी बोलते.