नवऱ्याची गरी आणि आमचं छप्पर: भांडण न होता हा विषय काढायचा कसा?

शुभा_म्हापसा:
नवऱ्याला गरीने मासे पकडायचा नाद आहे. रविवारी पहाटे शिवोलीला, कधी कोलवाळच्या पुलाकडे. माझी हरकत नव्हती. पण चार महिन्यांपूर्वी २२ हजारांची गरीची रील हप्त्यावर घेतली आणि ते मला गेल्या महिन्यात बँकेच्या मेसेजवरून कळलं. नऊ हप्ते आहेत, पाच बाकी. मे संपायच्या आत छप्पर परतायचं आहे आणि त्याला अजून ५० हजार कमी पडताहेत. मी "आणखी एक?" एवढंच म्हटलं, तर उत्तर आलं, "तुझ्या साड्या मोजू का?" दोघंही नोकरी करतो. काय बोलू?

दामू_पेडणे:
बोलूच नको. दारू नाही, पत्ते नाहीत, माणूस रविवारी नदीवर आहे. त्यात चोणक घेऊन घरी येतो. बाजारात चोणकाचा भाव विचारून बघ एकदा.

रेश्मा_फोंडा:
दामूदादा, चोणक रोज लागतो का? आमच्या घरचा बहुतेक वेळा रिकाम्या हाताने येतो आणि वाटेत बांगडे विकत घेतो. शुभा, तू गप्प बसू नकोस. गोव्यात लग्न झालं की सगळं निम्मं निम्मं असतं. प्राप्तिकराचा कायदाही हेच सांगतो. त्याच्या पगारातला अर्धा तुझाच, तेव्हा सरळ सांग, माझ्या सहीशिवाय खरेदी नाही.

वकिलीण_नाही_पण:
रेश्मा, यातलं निम्मंच बरोबर आहे. त्या कायद्याखाली घरभाडं, व्याज, धंद्याचा नफा अशी मिळकत नवरा-बायकोत वाटली जाते. पगार मात्र ज्याने कमावला त्याच्याच नावावर धरतात. सामायिक मालकीचा नियम इथल्या बहुतेक जोडप्यांना लागतो हे खरं. घर-जमीन विकायची तर दोघांची संमती लागते, रील घ्यायला लागत नाही. पण त्याच नियमामुळे त्यालाही "माझा पैसा" म्हणून विषय तोडता येत नाही.

गरीवालो:
कुठली रील? ४००० साइजची असेल तर नदीला चालते, खडकावरून मोठ्या माशाला नाही. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने हलकी धुवायला सांगा, नाहीतर दोन वर्षांत बेअरिंग खरखरायला लागतं.

शुभा_म्हापसा:
दादा, मी रील घेत नाहीये हो 🙂

गरीवालो:
बरं बरं. मग खर्चाचंच सांगतो, कारण बायका रीलवर रागावतात आणि पैसे जातात दुसरीकडे. माझा हिशोब असा. २२ हजारांची रील नीट धुतली तर सहा वर्षं जाते, म्हणजे महिन्याला जेमतेम ३०० रुपये. पण ७०० चे दोन लुअर, म्हणजे खोटी आमिषं, दर महिन्याला खारफुटीच्या मुळांत अडकून जातातच, ते १४००. दोनदा होडीचा वाटा, २०००. पेट्रोल ८००. झाले ४५००. रील त्यात सगळ्यात स्वस्त. घरात दिसते तीच, म्हणून बोलणीही तिच्यावरच.

मीनाक्षी_पर्वरी:
गरीवाले दादांच्या हिशोबाने माझं काम सोपं केलं. मी जोडप्यांच्या समुपदेशनात बरीच वर्षं आहे. शुभा, तुझ्या लिहिण्यात तीन गोष्टी एकत्र आल्यात: छपराचे पैसे, मेसेजवरून कळणं आणि रविवार. रविवारबद्दल तू तक्रार केलेली नाहीस, तर तो राहू दे. उरलेल्या दोनांतलं जास्त काय टोचतंय ते आधी स्वतःशी ठरव. मला वाटतं मेसेज. पण ते "तू लपवलंस"ने सुरू केलं की तो रीलचा बचाव करणार आणि तू लपवण्यावर बोलत राहणार.

कॅरेर आणि गॉटमन यांनी १९९९ साली १२४ नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास मांडला. मतभेदावरच्या बोलण्याची पहिली तीन मिनिटं पाहून पुढच्या सहा वर्षांत कुणाचं मोडेल याचा अंदाज करता आला. सुरुवात कडवट असली की शेवट क्वचितच गोड होतो. "आणखी एक?" हे दोनच शब्द, पण त्यांत "तू नेहमीच असा" आलंच ना.

त्याऐवजी असं काहीसं: "छपराला ५० हजार कमी पडताहेत, मला पावसाची भीती वाटतेय. हप्त्याचं मेसेजवरून कळलं तेव्हा मी दचकले. शनिवारी रात्री दोघांचे खर्च एका कागदावर मांडूया का?" साड्यांचा विषय आला तर भांडू नकोस. "हो, त्याही लिहू" म्हण आणि खरंच आधी स्वतःचा रकाना भर. तो नदीवरून दमून आल्यावर नको, मेसेज आल्या आल्या नको, सासूबाईंसमोर तर नकोच.

दामू_पेडणे:
ती अमेरिकन जोडपी. आमच्याकडे पहिली तीन मिनिटं आईच बोलते.

मीनाक्षी_पर्वरी:
म्हणूनच शनिवार रात्र म्हटलं, दामूदादा.

कागदावर काय मांडायचं तेही सांगते. घरखर्च, हप्ते आणि छपराची रक्कम बाजूला काढून दोघांनी प्रत्येकी एक आकडा ठरवायचा, समजा ५०००. त्याचा हिशोब कुणी विचारायचा नाही आणि उरलेले पुढच्या महिन्यात जातात. शिवाय एक मर्यादा, उदाहरणार्थ ३०००: त्यावरची वस्तू किंवा कुठलाही हप्ता घेण्याआधी एकमेकांना सांगायचं. परवानगी नाही, कळवणं.

आता गरीवाल्यांचेच आकडे लावून बघ. रीलचे ३०० सोडले तर चालू खर्च ४२००, तो ५००० त बसतो. पण हप्ता सुमारे २४५० धरला की ६६५० होतात. म्हणजे पाच महिने होडी बंद, काठावरूनच गरी टाकायची, म्हणजे ४६५०. हे तू सांगायचं नाहीस. कागद बघून त्याला स्वतःला सुचलं तर टिकतं, तू सुचवलंस तर ती शिक्षा वाटते.

रेश्मा_फोंडा:
आणि त्याला सुचलंच नाही तर? प्रत्येक वेळी बाईनेच गोड आवाजात सुरुवात करायची, वर आधी स्वतःच्या साड्या मोजायच्या. न सांगता हप्ता घेतला त्याने आणि शब्द तोलायचे हिने?

मीनाक्षी_पर्वरी:
तुमचं चुकत नाही. विषय जो काढतो त्याच्यावर हा भार येतो, आणि बहुतेकदा ती बाईच असते. दोनदा शांतपणे काढूनही तो कागदाजवळ बसायला तयार नसेल, किंवा मागून आणखी एखादा हप्ता निघाला, तर प्रश्न बोलण्याच्या सुराचा राहत नाही. तेव्हा "मी हे असं चालवून घेणार नाही" हे स्पष्ट म्हणावंच लागतं.

सुनंदा_डिचोली:
माझ्या नवऱ्याने ऑनलाइन रमीत माझ्या बांगड्या घालवल्या. मीही अशीच हळू बोलत राहिले, चार वर्षं. शुभा, आजच खातं वेगळं कर.

मीनाक्षी_पर्वरी:
सुनंदाताई, तुमची गोष्ट वेगळी आहे. गेलेले पैसे परत आणायला पुन्हा पैसे लावणं, उधारी करणं, घरातलं गहाण टाकणं, हे दिसलं की छंदाचा कागद कामाचा नाही. तिथे आधी पैसे सुरक्षित करायचे आणि उपचार शोधायचे. शुभाच्या घरी यातलं काही दिसत नाही. लपवलेला हप्ता मात्र एकच आहे ना, एवढं तिने जरूर बघावं.

शुभा_म्हापसा:
एकच आहे, पासबुक बघितलं. शनिवारी बसतो. पण त्याचा पगार माझ्यापेक्षा १८ हजारांनी जास्त. दोघांना सारखेच ५००० कसे? तो हे म्हणणारच.

दामू_पेडणे:
म्हणणारच. जास्त कमावणाऱ्याला जास्त, साधी गोष्ट आहे.

वकिलीण_नाही_पण:
मग घरातलं दुसऱ्या पाळीचं काम कुणाच्या पगारात धरायचं? सारखेच हवेत.

गरीवालो:
आमच्याकडे मला हजार जास्त, पण लुअर हरवला की बोंब मारायची नाही अशी अट. बायकोला ते पटलंय की नाही, माहीत नाही.