‘वेटनेस इंडेक्स’ला मराठीत काय म्हणायचं? आर्द्रता, ओल, पाणथळ की चिबड?

पानकळा:
शेतकऱ्यांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणतेय. उंचीच्या डेटावरून शेतात पाणी कुठे धरून राहील ते आधीच कळतं, तो टोपोग्राफिक वेटनेस इंडेक्स, हा तिचा विषय. मी लिहिलं होतं ‘भूरूपीय आर्द्रता निर्देशांक’. काल एका गटाला कच्चा मजकूर वाचून दाखवला तर एक द्राक्षबागवाले आजोबा म्हणाले, "आर्द्रता वाढली की भुरी, डाऊनी येते, तीच ना? मग तिला जमिनीची उंची कशाला लागते?" त्यांचं बरोबरच आहे, आर्द्रता म्हटलं की हवेतलीच डोळ्यापुढे येते. मग वेटनेसला काय म्हणू? आणि वेट पॅचला मी ‘चिबड’ लिहिलंय तर संपादक म्हणतात चिबड म्हणजे खारवट जमीन. आमच्या साताऱ्याकडे पाणी धरून बसणारी, पाय फसणारी ती चिबड, मग मीठ फुटो न फुटो.

कोशवाला:
‘जलसंचयप्रवणता निर्देशांक’ करा. लांब आहे पण अर्थ नेमका आहे, एकदा रुळला की लोक वापरतात, महापौर, दिनांक हे शब्द असेच रुळले. चिबड हा प्रांतिक शब्द, छापील पुस्तकात नको. आणि त्याचं मूळ चिबूड या फळात असावं असं मला फार वर्षं वाटतं, तेही पाणीदार आणि पिचपिचीत.

रानवाट:
पण इंडेक्स म्हणजे शेवटी ओलीची टक्केवारीच ना, मी एका नकाशावर ६ ते १४ आकडे पाहिलेत, म्हणजे १४ टक्के ओल. मग सरळ ‘ओल टक्का’ म्हणा, सगळ्यांना कळेल.

नकाशेवाला:
रानवाट, टक्के नाहीत ते, आणि शब्द ठरवायच्या आधी हे स्पष्ट व्हायला हवं, नाहीतर पुस्तिका चुकीचं शिकवेल. १९७९ मध्ये बेवन आणि किर्कबी यांनी मांडलेलं हे गणित आहे आणि त्यात मातीची ओल कुठेच मोजलेली नाही. एका ठिकाणी वरून किती रानाचं पाणी येतं आणि तिथून ते पुढे सरकायला उतार किती, एवढंच. येणारं जास्त, जाणारं हळू, की आकडा मोठा.

३० मीटरचे चौकोन धरा. ओघळीच्या तोंडाशी एका चौकोनात २०० चौकोनांचं पाणी येतंय, उतार १ टक्का. उत्तर येतं १३.२. माळावर २ चौकोनांचं पाणी, उतार ८ टक्के, उत्तर ६.६. याचा अर्थ पहिली जागा दुसरीच्या दुप्पट ओली असा अजिबात नाही, पावसानंतर ती आधी भरेल आणि उशिरा वाफशावर येईल इतकाच. चौकोन १० मीटरचा घेतला तर आकडेच बदलतात, म्हणून दोन वेगळ्या नकाशांतले आकडे एकमेकांशी लावायचे नाहीत.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये मी हे वापरतो, acc म्हणजे किती चौकोनांचं पाणी येतं तो आकडा आणि slope म्हणजे उतार:

```
ln( ("acc@1" * 30) / (tan("slope@1" * 0.01745) + 0.001) )
```

ते 0.01745 बघा. उतार अंशात असतो आणि tan ला रेडियन लागतात. मी पहिल्यांदा ते विसरलो होतो, नकाशा आला, रंगही छान आले पण उताराच्या ठरावीक पट्ट्यांत सगळीकडे भोकं. दोन दिवस डेटा खराब म्हणून धरून बसलो. खरं कारण असं की दीड अंशाच्या जरा वर गेलं की रेडियन समजून काढलेला tan उणे होतो, तो तीन अंशांच्या जरा पुढेपर्यंत उणेच, पुढेही दर तीनेक अंशांनी तेच, आणि उण्याचा ln निघत नाही. तुमच्या नकाशात सपाटी दिसतेय आणि उतार वाढेल तसे रिकामे आणि भरलेले पट्टे एकाआड एक येत असतील तर हीच चूक. शेवटचं 0.001 सपाट जागेवर शून्याने भागाकार होऊ नये म्हणून.

ऊसकरी:
दादा तुमचं गणित बरोबर असंल पण माझं रान बघा. वाळवा तालुक्यात नदीपासनं लांब, वरच्या अंगाला कॅनॉल. दीड एकर चिबड झालंय, ऊस गुडघ्याएवढा राहतो, पान पिवळं, उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं मीठ फुटतं. पुतण्यानं असाच नकाशा काढला तर त्यात माझं रान कोरडं आणि शेजारच्याची ओघळ लाल. ओघळीत तर ऊस झकास आहे, कारण पाणी वाहून जातं. आणि संपादकांचं पण अर्धं खरं आहे ताई, आमच्यात आधी चिबड होतं, मग खारवट होतं. एकच रान, दोन अवस्था.

नकाशेवाला:
दादा, तुमचा नकाशा चुकला नाही, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. पाऊस सगळीकडे सारखा पडला आणि जमिनीच्या उताराने गेला असं त्याने धरलंय. कॅनॉलचा पाझर, पाटपाणी, खाली पाणी न झिरपू देणारा थर, यातलं त्याला काही माहीत नाही. तुमच्याकडे एक खड्डा घेऊन भूजल किती खाली लागतं ते बघणं जास्त कामाचं.

दुसरं, पुतण्याने उंची एसआरटीएमची, म्हणजे अवकाशयानातून मोजलेल्या फुकटच्या डेटातली, घेतली असेल तर ती पूर्ण मीटरमध्ये असते. १ टक्का उतारावर ३० मीटरला ३० सेंटीमीटरच फरक पडतो. म्हणजे तीन चौकोन एकाच उंचीचे, मग एकदम एक मीटरची पायरी. नकाशात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे किंवा समांतर सरळ रेघा दिसल्या तर ती जमीन नव्हे, डेटाची बनावट. तुमचा बांध तर त्यात नसतोच.

वायंगण:
आमच्या कोकणात याला पाणथळच म्हणतात, पाणी अधिक थळ, इतका सरळ शब्द असताना चर्चा कशाला? पण एक आहे, कातळाच्या पायथ्याशी जिथे श्रावणात जमिनीतून पाणी उपळतं ती जागा पाणथळ नव्हे, तिला माझी आजी उपळच म्हणायची. तिथे पाणी साठत नाही, बाहेर येतं. एकाच ‘वेट पॅच’मध्ये दोन्ही कोंबू नका. आमच्या वायंगणीच्या मळ्यात ओल राहते ती तर आम्हाला हवीच असते, ते संकट नाहीच.

नकाशेवाला, एक विचारू? आमच्या मळ्यात मधोमध एक खरा खळगा आहे, बेडूक तिथेच ओरडतात. सॉफ्टवेअर म्हणे खळगे बुजवूनच टाकतं?

नकाशेवाला:
हो ताई, बुजवावे लागतात, नाहीतर पाण्याचा हिशोब तिथेच अडकतो आणि खालच्या ओघळीपर्यंत पोचतच नाही. बुजवलेली जागा सपाट होते म्हणून आकडा मोठा येतो. अडचण अशी की तुमचा खरा खळगा आणि उंची मोजताना झालेली चूक दोन्ही सारखेच दिसतात. मी बुजवलेल्या नकाशातून मूळ नकाशा वजा करून खोली बघतो. फुकट मिळणाऱ्या डेटात उंचीची चूकच काही मीटरची असते, त्यामुळे अर्ध्या मीटरच्या खळग्यावर तो डेटा बोलूच शकत नाही, बेडकांवर जास्त भरवसा ठेवा. ड्रोनने मोजायचं तर भात कापल्यावर मोजा, नाहीतर पिकाचा शेंडाच जमीन धरला जातो.

पानकळा:
म्हणजे मी ‘ओल’ लिहिलं तरी चूक, कारण ओल मोजलेलीच नाही. ‘पाणी साठण्याचा कल’ कसं वाटतं? वेट पॅचला पाणथळ आणि चिबड वेगळे ठेवते, ऊसकरी दादांची दीड एकराची गोष्ट चिबडखाली घालू का?

ऊसकरी:
घाला ताई. गाव लिहू नका फक्त.

कोशवाला:
‘कल’ म्हणजे उतारही होतो, जमीन कललेली असते. उताराच्याच पुस्तिकेत कल शब्द गोंधळ करेल, प्रवणताच हवी.

रानवाट:
प्रवण म्हणजे तरी मुळात उतरतं असंच ना काका?

वायंगण:
आणि चिबूड मुळीच पिचपिचीत नसतो. पिकला की रवाळ होतो, भाताच्या आधी माळावर लावतो आम्ही, पाणी साठलं तर वेलच कुजते. चिबडचा त्याच्याशी काय संबंध ते सांगा आधी.